उपसंहारात नवा संदर्भ का नको?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतली रयत गोळा झाली. तिने सावकारांच्या दुकानांवर चाल केली, हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि हाती लागले तेवढे जाळून टाकले. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यात पसरलं. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. पुढच्याच वर्षी कर्जबाजारी शेतकऱ्याला संरक्षण देणारा ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

समजा, एम.ए.ची एक विद्यार्थिनी या दंग्यांवर लघुप्रबंध लिहिते आहे. दुसऱ्या प्रकरणात तिने शेतसारा आणि १८६७ पासूनची फेरआकारणी पाहिली. तिसऱ्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी आणि युद्ध संपल्यावरची मंदी आली. चौथ्यात तिने कर्जरोखे, न्यायालयं आणि आयोगापुढच्या रयतेच्या जबान्या अभ्यासल्या. पाचव्यात आयोगाचा अहवाल आणि नंतरच्या इतिहासकारांची मतं तपासली. आता उरला उपसंहार. सादर करायची तारीख जवळ आली आहे आणि तिने शेवटचा परिच्छेद असा लिहिला आहे:

“अशा प्रकारे कर्जरोख्यांची सक्ती हेच महाराष्ट्रातील शेतकरी उठावाचे कारण होते, हे सिद्ध होते. मात्र नील चार्ल्सवर्थ यांच्या मते या दंग्यांचे महत्त्व इतिहासकारांनी वाढवून सांगितले आहे. महात्मा फुले यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्यांची हीच व्यथा मांडली आहे. नव्या न्यायव्यवस्थेने वाण्याच्या हाती कुणब्याविरुद्ध मोठे बळ दिले. मुदतीच्या कायद्यामुळे रयतेवर दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून देण्याची पाळी आली. आजही कर्जापायी शेतकरी आत्महत्या करीत आहेत.”

वाचताना हा परिच्छेद ठीक वाटतो. भाषा सरळ आहे आणि विषयाबद्दलची कळकळही जाणवते. तरीही परीक्षक इथेच थांबेल आणि मागची पानं उलटू लागेल. चार्ल्सवर्थ, फुले आणि आजच्या आत्महत्या आधीच्या पाच प्रकरणांत कुठेच आलेल्या नाहीत. उलट न्यायव्यवस्था आणि मुदतीचा कायदा यांच्याबद्दलची दोन विधानं आधी येऊन गेली आहेत, पण इथे त्यांच्याजवळ कुणाचंच नाव नाही. म्हणजे जे नवं आहे ते नको तिथे आलं आहे आणि जे जुनं आहे त्याचा मूळ धनी हरवला आहे. दोन्ही चुका वेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. प्रबंधाच्या शेवटी कोण बोलतंय आणि कशाच्या बळावर बोलतंय, हे स्पष्ट झालेलं नाही.

संदर्भ प्रबंधात कसा शिरतो

एखादा ग्रंथ किंवा लेख प्रबंधात नुसत्या नावाने येत नसतो. त्याच्याबद्दल वाचकाला चार गोष्टी कळाव्या लागतात. हा लेखक कोण आणि त्याने कोणती साधनं पाहिली? त्याचं म्हणणं नेमकं काय आहे? इतरांच्या म्हणण्याशी ते कुठे जुळतं आणि कुठे भांडतं? आणि या प्रबंधाची लेखिका त्यातलं काय घेते, काय सोडते आणि का? या चार गोष्टींना जागा लागते, कधी अर्धं पान तर कधी पूर्ण विभाग. प्रकरणात ती जागा असते, उपसंहारात नसते. तिथे संदर्भ आला की बहुतेक वेळा पहिला प्रश्नही न सुटता फक्त नाव आणि एक वाक्य उरतं. वाचकाने ते विश्वासावर घ्यावं अशी अपेक्षा होते. पण प्रबंध हा प्रकारच मुळी वाचकाला तपासता यावं म्हणून लिहिला जातो.

नील चार्ल्सवर्थ यांचंच उदाहरण घेऊ. ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात १९७२ मध्ये त्यांचा या दंग्यांवरचा लेख आला. शीर्षकातच त्यांनी या दंग्यांना ‘मिथक’ म्हटलं आहे. दंगे झालेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं नाही. इतिहासकारांनी या घटनांना जे वजन दिलं ते त्यांच्या प्रत्यक्ष व्याप्तीशी आणि परिणामांशी जुळत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. या आक्षेपाच्या समोर रवींदर कुमार यांची मांडणी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतावरचा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. रयतवारी पद्धत आणि ब्रिटिश न्यायालयं यांनी कुणबी आणि वाणी यांच्यातला जुना तोल बिघडवला, असं ते मांडतात. ते खरं असेल तर दंगे हे खोलवरच्या बदलाचं लक्षण ठरतात. चार्ल्सवर्थ बरोबर असतील तर त्याच दंग्यांवरून एवढा मोठा बदल वाचणं धोक्याचं ठरतं.

म्हणजे विद्यार्थिनीने शेवटच्या परिच्छेदात ज्या एका वाक्यात चार्ल्सवर्थना आणलं, त्या वाक्यात तिच्या सबंध प्रबंधाला आव्हान देण्याची ताकद आहे. ‘मात्र’ म्हणून ते आव्हान उभं राहतं आणि पुढच्याच वाक्यात तिथेच सोडून दिलं जातं. वाचकाला साहजिक प्रश्न पडतो की लेखिकेला हे मान्य आहे की नाही. मान्य असेल तर ‘सिद्ध होते’ हे पहिलं वाक्य टिकत नाही. मान्य नसेल तर का नाही, हे पाचव्या प्रकरणात यायला हवं होतं. मौखिक परीक्षेत बहिस्थ परीक्षकाचा पहिला प्रश्न इथूनच येईल. तो प्रश्न रास्तही असेल, कारण त्याचं उत्तर प्रबंधात नाही.

विरोधी संदर्भ उशिरा आणला की निष्कर्ष डळमळतो. पूरक संदर्भ उशिरा आणला की वेगळंच होतं. समजा, चार्ल्सवर्थऐवजी इयन कॅटनॅक यांचा पश्चिम भारतातल्या ग्रामीण पतपुरवठ्यावरचा १९७० चा ग्रंथ तिने शेवटी आणला आणि ‘कॅटनॅकही याला दुजोरा देतात’ असं लिहिलं. या वाक्यामुळे तिचा निष्कर्ष भक्कम झाल्यासारखा वाटतो. पण कॅटनॅक यांच्या अभ्यासाचा भर १८७५ पासून १९३० पर्यंतच्या काळावर, पतपुरवठ्याच्या प्रश्नावर आणि सहकारी चळवळीवर आहे. त्यातलं काय आणि किती १८७५ च्या सुप्याला लागू होतं, हे सांगितल्याशिवाय तो दुजोरा नुसता नावाचा राहतो. शिवाय वाचकाच्या मनात शंका येते की प्रकरणांतला पुरावा लेखिकेला स्वतःलाच अपुरा वाटला की काय.

नवा संदर्भ शेवटी कुठून येतो

विद्यार्थिनीच्या परिच्छेदात तीन नवे पाहुणे आहेत आणि तिघे तीन वेगळ्या वाटांनी आले आहेत. म्हणून त्यांचा बंदोबस्तही वेगवेगळा करावा लागतो.

चार्ल्सवर्थ आले ते उशिरा सापडल्यामुळे. संशोधनात हे नेहमीच घडतं. प्रकरणं लिहून होतात आणि मग कुणी तरी एखादा लेख हातात ठेवतं. अशा वेळी तो संदर्भ टाकून देणं हा उपाय नाही, विशेषतः तो आपल्याविरुद्ध असेल तर मुळीच नाही. उपाय एकच आहे. पाचवं प्रकरण पुन्हा उघडायचं आणि चार्ल्सवर्थना तिथे बसवायचं, कुमार यांच्या शेजारी. मग दोघांमध्ये आपण कुठे उभे आहोत ते लिहायचं. दोन-तीन परिच्छेदांचं काम आहे. ते झालं की चार्ल्सवर्थ उपसंहारात सन्मानाने येऊ शकतात, कारण आता ते जुने झाले. नियम उपसंहारातल्या नावांबद्दल नाही. नाव तिथे येण्यापूर्वी त्याची तपासणी झालेली असावी, एवढंच तो मागतो.

फुले आले ते शेवट उंच व्हावा म्हणून. मराठी प्रबंधांत ही ओढ फार मोठी आहे. अखेरीस एखाद्या थोर माणसाचं वचन ठेवलं की आपल्या लेखनाला वजन येतं, असं वाटतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला गेला. शेतकऱ्याच्या दैन्याचं त्यातलं चित्र सावकारापुरतं थांबत नाही. भटशाही, सरकारी नोकरशाही आणि शिक्षणाचा अभाव यांचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे फुले यांचं निदान ‘हीच व्यथा’ म्हणून मोकळं होता येण्याइतकं सोपं नाही. त्यांना शेवटच्या ओळीत शोभेसाठी आणलं की त्यांच्यावरही अन्याय होतो. त्यांचं पुस्तक दंग्यांच्या समकालीन साक्षीसाठी वापरायचं असेल, तर चौथ्या प्रकरणात त्याचा विभाग करावा. आठ वर्षांनंतरच्या त्या लेखनात १८७५ चा अनुभव किती आहे आणि फुले यांचा स्वतःचा सिद्धान्त किती आहे, ते तिथे वेगळं काढावं. तेवढी गरज नसेल तर ते वाक्य गाळावं. शेवटचं वाक्य लेखिकेचं स्वतःचं असलेलं बरं.

आत्महत्या आल्या त्या विषयाचं आजच्याशी नातं दाखवावं म्हणून. ही इच्छा चांगली आहे. पण १८७५ चा सावकारी रोखा आणि आजची बँका, पतसंस्था आणि खासगी कर्ज यांतली परिस्थिती यांच्यामध्ये जवळजवळ दीडशे वर्षं आहेत. त्या काळातले कायदे, सहकार, बाजार आणि पाणी यांचा एका शब्दानेही विचार न करता ‘आजही’ म्हणणं म्हणजे न केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष सांगणं. याला उपसंहारात एकच योग्य जागा आहे, ती म्हणजे पुढील संशोधनाच्या दिशा. तिथे ‘रोख्याच्या कायदेशीर ताकदीचा प्रश्न नंतरच्या पतव्यवस्थेत कसा बदलत गेला, हे स्वतंत्रपणे अभ्यासता येईल’ असं लिहिता येतं. त्या वाटेवरचं एखादं पुस्तक दाखवलं तरी चालतं. इथे नवा संदर्भ खपतो, कारण त्याच्यावर कोणताही निष्कर्ष उभा नसतो. तो पुरावा म्हणून येत नाही, पुढच्या माणसाला वाट दाखवण्यापुरता येतो.

विज्ञानातल्या शोधनिबंधांबद्दल इथे एक खुलासा करायला हवा. तिथे ‘चर्चा’ या भागात आपले निष्कर्ष आधीच्या प्रयोगांशी ताडून पाहायचे असतात आणि त्यासाठी तोवर न आलेले संदर्भ देणं रीतीला धरूनच असतं. पुष्कळ नियतकालिकं चर्चा आणि निष्कर्ष एकत्र छापतात. अशा निबंधाच्या शेवटच्या भागात नवी नावं दिसली म्हणून तो चुकला असं होत नाही. निष्कर्ष हा वेगळा, छोटा भाग असतो तेव्हा मात्र तिथेही हाच नियम लागू पडतो. म्हणून शीर्षकावर न जाता काम पाहावं. त्या भागात पुरावा तपासला जातोय की तपासून झालेल्या पुराव्याचं सार सांगितलं जातंय? तपासला जात असेल तर संदर्भ हवेतच. सार सांगितलं जात असेल तर नव्याला जागा नाही.

जुनं पुन्हा सांगताना

आता दुसरी चूक. ‘नव्या न्यायव्यवस्थेने वाण्याच्या हाती कुणब्याविरुद्ध मोठे बळ दिले’ हे वाक्य नवं नाही. चौथ्या प्रकरणात ते रवींदर कुमार यांच्या नावाने आलं होतं. उपसंहारात विद्यार्थिनीने नाव गाळलं, कारण तिच्या मते ते एकदा देऊन झालं होतं. ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळेच सर्वाधिक नुकसान होतं. उपसंहार हा लेखिकेचा स्वतःचा आवाज ऐकू येण्याचा भाग असतो. तिथलं बिननावाचं प्रत्येक वाक्य वाचक तिचं म्हणून वाचतो. पुष्कळ वाचक तर प्रस्तावनेवरून थेट उपसंहारावर येतात. त्यांच्यापुढे चौथं प्रकरण नसतं. कुमार यांचा विचार आता त्यांना विद्यार्थिनीचा शोध वाटेल. तिचा हेतू तसा नसेलही, पण दुसऱ्याचा विचार आपला म्हणून मांडण्यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतही त्याची व्याख्या याच अर्थाची आहे.

मग प्रत्येक वाक्यामागे कंस लावायचा का? तसंही नाही. उपसंहारातल्या प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारायचा, की हे मला कळलं कसं. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात.

पहिलं उत्तर असं असतं की हे मी स्वतः काढलं. जबान्या वाचून, त्या एकमेकींशी लावून लेखिकेने जे म्हटलं त्याला दुसऱ्या कुणाचा संदर्भ द्यायचा नसतो. पण ते कुठे काढलं, हे वाचकाला सांगायचं असतं. ‘प्रकरण ४ मध्ये पाहिलेल्या जबान्यांवरून’ एवढं म्हटलं की पुरे. हा आतला निर्देश आहे. त्याने वाचक मागे जाऊ शकतो आणि हे विधान इथे पहिल्यांदा केलेलं नाही, हेही त्याला कळतं. लेखिकेचं स्वतःचं मत ‘या प्रबंधाचा निष्कर्ष असा’ अशा शब्दांनी उघडपणे आपलं म्हणावं. मराठी प्रबंधांत ‘असे म्हणता येईल’ या कर्ताहीन वाक्यामागे लपायची सवय आहे. त्याने कुणाचं मत आणि कुणाचा शोध यांतली रेघच पुसली जाते.

दुसरं उत्तर असतं की हे अमुक अभ्यासकाने दाखवलं, अमुक अहवालात आहे. मग नाव पुन्हा द्यायचंच, आधी दहा वेळा दिलं असलं तरी. आकडा, दुसऱ्याचा विशिष्ट युक्तिवाद, त्याने घडवलेली संज्ञा आणि त्याचे शब्द हे सगळं या गटात येतं. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हं आणि पृष्ठक्रमांकही हवा. मात्र अवतरण उपसंहारात शक्यतो नकोच. अवतरणाचं विश्लेषण प्रकरणात होऊन गेलेलं असतं. इथे त्यातून काय निघालं, ते आपल्या शब्दांत सांगायचं.

तिसरं उत्तर असतं की हे सर्वांना ठाऊक आहे. दंगे १८७५ मध्ये झाले, सुपे पुणे जिल्ह्यात आहे, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ मध्ये झालं, अशा गोष्टींना संदर्भ लागत नाही. पण इथे सावध राहावं. ‘फेरआकारणीत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला’ हे विषयात मुरलेल्या माणसाला सर्वज्ञात वाटतं, पण तो आकडा आहे आणि कुणी तरी कुठल्या तरी दप्तरातून काढलेला आहे. असा आकडा कुठून आला, हे वाचकाने विचारण्याआधी सांगावं.

संदर्भ देण्याची तऱ्हा आपापल्या पद्धतीनुसार ठरते. लेखक-वर्ष पद्धतीत हे सोपं असतं. नाव आणि साल पुन्हा लिहायचं आणि संदर्भसूचीत ती नोंद असतेच. तळटिपांच्या पद्धतीत एक सापळा असतो. पहिल्यांदा पूर्ण तपशील आणि लगेचच्या टिपेत ‘तत्रैव’ लिहायची आपली जुनी रीत आहे. उपसंहारात परिच्छेद मागेपुढे हलवले जातात, मध्ये एखादी नवी टीप येते आणि ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. म्हणून उपसंहारात ‘तत्रैव’ टाळावं आणि दर वेळी आडनाव, ग्रंथाचं आखूड नाव आणि पृष्ठक्रमांक द्यावा. ‘शिकागो मॅन्युअल’च्या २०१७ च्या आवृत्तीनेही ‘तत्रैव’ऐवजी संक्षिप्त नोंदीला झुकतं माप दिलं आहे. आपल्या विद्यापीठाची पद्धत वेगळं सांगत असेल तर अर्थातच ती पाळावी. पण सगळ्या प्रकरणांत जी पद्धत वापरली तीच उपसंहारातही चालू ठेवावी.

संदर्भ कुणाच्या हातून आला, हेही शेवटपर्यंत बदलू देऊ नये. विद्यार्थिनीने एखादी जबानी मूळ अहवालात न पाहता कुमार यांच्या ग्रंथात पाहिली असेल आणि प्रकरणात ‘कुमार यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं प्रामाणिकपणे लिहिलं असेल, तर उपसंहारातही तेच लिहावं. घाईत मधलं नाव गळतं आणि तिने अहवाल स्वतः चाळला असा भास होतो.

सांगताना वजन बदलू नये

पुनरुक्तीतली सगळ्यात सूक्ष्म चूक नाव देऊनही घडते. प्रकरणात ‘दिसते’ होतं ते उपसंहारात ‘सिद्ध होते’ होतं. ‘पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील काही गावे’ होती ती ‘महाराष्ट्र’ होतात. ‘एक महत्त्वाचे कारण’ होतं ते ‘कारण’ होतं. विद्यार्थिनीच्या पहिल्या वाक्यात या तिन्ही गोष्टी झाल्या आहेत. सार सांगताना तपशील गाळावाच लागतो, पण अट आणि मर्यादा हे तपशील नसतात. ते निष्कर्षाचा भाग असतात.

आयोगाच्या बाबतीत तर हे फार जपावं लागतं. सरकारच्या साऱ्याचा बोजा हे दंग्यांचं कारण होतं का, हा प्रश्न आयोगापुढे होता. आयोगाने दोष सावकारी व्यवहाराकडे दिला आणि सरकारी मागणीला कारण मानलं नाही. उपसंहारात ‘आयोगाने दाखवून दिले की सारा हे कारण नव्हते’ असं लिहिलं, तर सरकारने नेमलेल्या आयोगाचं सरकारबद्दलचं मत सिद्ध सत्य म्हणून पुढे जातं. ‘आयोगाच्या मते’ म्हटलं की ते मत म्हणून राहतं आणि वाचकाला ते कुणाचं आहे हे दिसतं. ‘दाखवतात’, ‘मांडतात’, ‘सुचवतात’, ‘नोंदवतात’ या क्रियापदांत पुराव्याचं वजन असतं. प्रकरणात ज्याच्यासाठी जे क्रियापद तोलून वापरलं, उपसंहारातही तेच ठेवावं.

एकमेकांशी भांडणाऱ्यांना एका कंसात कोंबणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. ‘दंग्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे (कुमार, १९६८, चार्ल्सवर्थ, १९७२)’ हे चालेल. ‘दंगे हे मोठ्या सामाजिक बदलाचे लक्षण होते (कुमार, १९६८, चार्ल्सवर्थ, १९७२)’ हे चालणार नाही, कारण दुसरा लेखक तसं म्हणतच नाही. साराच्या घाईत असे कंस सहज तयार होतात आणि जाणकार वाचकाला ते लगेच खुपतात.

पुन्हा लिहिलेला परिच्छेद

हे सगळं करून, म्हणजे चार्ल्सवर्थना पाचव्या प्रकरणात बसवून आणि फुले यांचं वाक्य गाळून, विद्यार्थिनीचा परिच्छेद असा होऊ शकतो:

“१८७५ च्या दंग्यांत रयतेचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर अधिक होता, असे प्रकरण ४ मध्ये पाहिलेल्या जबान्यांवरून दिसते. या कागदांना बळ कोठून आले याचे उत्तर कुमार (१९६८) रयतवारी आणि नव्या न्यायालयांमुळे बदललेल्या कुणबी-वाणी संबंधांत शोधतात. ती मांडणी या प्रबंधाला बहुतांशी मान्य आहे. मात्र साऱ्याच्या मागणीला दंग्यांचे कारण न मानण्याचे आयोगाचे मत (डेक्कन रायट्स कमिशन, १८७८) स्वीकारता येत नाही. त्याची कारणे प्रकरण २ मध्ये दिली आहेत. दंग्यांचे महत्त्व वाढवून सांगितले गेले, हा चार्ल्सवर्थ (१९७२) यांचा आक्षेप प्रकरण ५ मध्ये तपासला आहे. त्यामुळेच येथील निष्कर्ष दंगाग्रस्त गावांपुरता मर्यादित ठेवला आहे: या गावांत साऱ्याच्या तगाद्याने कर्ज अटळ केले आणि रोख्याने ते न फिटणारे केले. रोख्याची ही ताकद १८७९ च्या कायद्यानंतर किती उरली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.”

पहिल्या परिच्छेदापेक्षा हा बराच लांब आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य कुणाचं आहे ते कळतं. जबान्यांचं वाचन लेखिकेचं आहे. कुणबी-वाणी संबंधांची मांडणी कुमार यांची आहे आणि तिला ती बहुतांशी मान्य आहे. साऱ्याबद्दलचं मत आयोगाचं आहे आणि तिला ते अमान्य आहे. चार्ल्सवर्थ यांचा आक्षेप आता तिच्या निष्कर्षाला बाहेरून धक्का देत नाही, उलट त्याची सीमा आखतो. मुदतीच्या कायद्याचा तपशील गळला, कारण तो चौथ्या प्रकरणात सविस्तर आहे आणि इथे त्याच्यावाचून अडत नाही. आजच्या आत्महत्यांची जागा एका नेमक्या प्रश्नाने घेतली. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सारा आणि रोखा यांना जोडणारं वाक्य आता ठळक दिसतं. दोन्ही कारणांची नावं इतरांनी घेतली होती, त्यांची ही जोडणी तिची आहे. पहिल्या परिच्छेदात ती उसन्या वाक्यांच्या गर्दीत कुठेच नव्हती.

हे तपासायला फार वेळ लागत नाही. उपसंहाराची पानं छापून घ्यावीत आणि त्यातल्या प्रत्येक लेखकाच्या, ग्रंथाच्या आणि अहवालाच्या नावाखाली रेघ मारावी. मग संगणकावर सबंध प्रबंधात ते नाव शोधावं. ते फक्त उपसंहारात आणि संदर्भसूचीत सापडलं, तर तो नवा संदर्भ आहे. त्याला प्रकरणात नेता येईल का, पुढील संशोधनात ठेवता येईल का की गाळावा लागेल, ते तिथेच ठरवावं. नंतर उलट बाजूने जावं. ज्या वाक्यांखाली रेघ नाही, त्यांना एकेक करून विचारावं की हे मला कळलं कसं. ज्याचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या नावाने येईल, तिथे ते नाव परत लिहावं. ज्याचं उत्तर एखाद्या प्रकरणाच्या क्रमांकाने येईल, तिथे तो क्रमांक द्यावा. ज्याचं उत्तरच सापडणार नाही, ते वाक्य निष्कर्ष नसून अंदाज आहे. तो प्रबंधात हवा असेल तर त्याच्यासाठी आधीच्या प्रकरणांत काम करावं लागेल.